टेप, काठी आणि खांब क्रमांक

खड्ड्याचा फोटो पाहून खड्डा किती खोल आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. वरून काढलेल्या फोटोत खोली दिसत नाही आणि शेजारी ओळखीच्या मापाची वस्तू नसली तर रुंदीही कळत नाही. पावसाळ्यात तर खड्डा पाण्याने भरलेला असतो, त्यामुळे फोटोत येते ते एक डबके. फोटो हाताशी असला की मात्र आपण निर्धास्त होतो. पत्रात ‘सोबत फोटो जोडला आहे’ एवढे लिहितो आणि जे शब्दांत सांगायला हवे होते ते राहून जाते.

आमच्या शेजारच्या काकूंवर हा फोटो हरवण्याचा प्रसंग आला. शाळेजवळच्या वळणावर त्यांच्या सुनेची स्कूटर खड्ड्यात आदळली. सून थोडक्यात बचावली. काकूंनी जाऊन फोटो काढला आणि त्याच आठवड्यात त्यांचा फोन पाण्यात पडून बंद झाला. फोटो कुणाला पाठवलेला नव्हता आणि त्याची प्रतही कुठे साठवलेली नव्हती. फोन चालू असेल आणि फोटो चुकून पुसला गेला असेल तर ‘नुकतेच हटवलेले’ किंवा ‘ट्रॅश’ या कप्प्यात तो बहुधा काही आठवडे सापडतो, तिथे आधी बघावे. इथे तो मार्ग नव्हता. ‘फोटो नाही तर तक्रार कोण घेणार?’ म्हणून त्या गप्प बसणार होत्या. पण विभाग कार्यालयात दिलेल्या लेखी पत्राला फोटो लागत नाही. लागतात दोन गोष्टी : खड्डा नेमका कुठे आहे आणि केवढा आहे. या दोन्ही नीट लिहिल्या तर ते पत्र फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडते.

कारण ते पत्र पुढे कुणाच्या हातात जाते ते पाहा. आवक कक्षात शिक्का बसतो, साहेबांच्या टेबलावरून कागद खाली येतो आणि शेवटी कनिष्ठ अभियंत्याकडे पोहोचतो. तो मुकादमाला सांगतो, मुकादम ठेकेदाराच्या माणसांना घेऊन गाडी काढतो. गाडीतल्या त्या चौघा-पाचजणांनी आपला फोटो पाहिलेलाच नसतो. त्यांना तोंडी सांगितलेली जागा माहीत असते आणि अंदाजाने घेतलेला माल बरोबर असतो. जागा ढोबळ असेल तर ते त्याच रस्त्यावरचा दुसरा, सहज दिसणारा खड्डा भरून परत जातात आणि आपली तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद होते. यात लबाडी असतेच असे नाही, अर्धवट पत्त्यावर गेलेल्या माणसांचे असेच होते.

म्हणून आधी जागा. ‘शाळेजवळ’, ‘मारुती मंदिरासमोर’ हे पत्ते ओळखीच्या माणसाला पुरतात, कामावर आलेल्या माणसाला पुरत नाहीत. रस्त्यावर न हलणाऱ्या वस्तू शोधाव्यात. सगळ्यांत उत्तम म्हणजे दिव्याचा खांब. बहुतेक शहरांत खांबावर रंगाने क्रमांक लिहिलेला असतो आणि तो महापालिकेच्या विद्युत विभागाच्या नोंदीत असतो. क्रमांक पुसट असेल तर फीडर पिलर (विजेची ती लोखंडी पेटी), बसथांब्याचा खांब, चेंबरचे झाकण किंवा इमारतीच्या फाटकाचा खांब चालतो. दुकानाचे नाव जोडीला द्यावे, पण एकट्या दुकानावर विसंबू नये. पाट्या बदलतात.

मग दोन अंतरे मोजायची. एक, त्या खांबापासून रस्त्याच्या लांबीच्या दिशेने किती मीटर. दुसरे, फुटपाथच्या कर्बपासून रस्त्याच्या आत किती मीटर. यात दिशा लिहिणे फार महत्त्वाचे आहे. ‘खांबापासून साडेसहा मीटर’ म्हटले तर खांबाच्या दोन्ही बाजूंना साडेसहा मीटर असतात. ‘चौकाकडून शाळेकडे जाताना, खांब ओलांडल्यावर ६.५ मीटर, डाव्या कर्बपासून २ मीटर आत’ असे लिहिले की जागा एकच उरते. मोठी टेप नसेल तर पावले मोजावीत, पण आधी घराच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये माहीत असलेल्या दहा मीटर लांबीत आपली किती पावले पडतात हे पाहून घ्यावे.

फोनमधल्या नकाशाचा अक्षांश-रेखांश जोडला तर चांगलेच. दशांश चिन्हापुढे पाच आकडे लिहावेत. चार आकडे दिले की जागेत साधारण अकरा मीटरपर्यंतची ढिलाई येते, पाच दिले की ती सुमारे एका मीटरवर येते. अर्थात फोनची स्वतःची चूक याहून मोठी असते. मोकळ्या आकाशाखालीही ती पाचेक मीटर असू शकते आणि उंच इमारतींच्या मध्ये आणखी वाढते. त्यामुळे अक्षांश-रेखांश रस्त्यापर्यंत पोहोचवतो, खड्ड्यापर्यंत खांबच नेतो.

आता माप. रस्त्यावर मोजायला जायचे तर पहाटे, वाहने नसताना आणि दोघांनी मिळून जावे. एकाने फक्त येणाऱ्या वाहनांकडे बघायचे. रस्ता हमरस्ता असेल तर फुटपाथवरून अंदाज घ्यावा आणि पत्रात ‘अंदाजे’ लिहावे. तीन-चार सेंटिमीटरच्या अचूकपणासाठी जीव धोक्यात घालू नये.

खड्ड्याची कड वेडीवाकडी असते, तरी लांबी-रुंदी चौकोन कल्पूनच घ्यावी : वाहतुकीच्या दिशेने सर्वांत लांब माप आणि तिला आडवे सर्वांत रुंद माप. याला कारण आहे. खड्डा नियमाप्रमाणे भरायचा असेल तर आधी त्याच्या कडा सरळ कापून तो चौकोनी करतात, सुटी खडी आणि चिखल काढतात, तळ व बाजू कोरड्या करून त्यावर पातळ डांबराचा हात मारतात आणि मग माल थरांमध्ये टाकून दाबतात. तेव्हा माल लागतो तो त्या चौकोनालाच.

खोलीसाठी एक सरळ काठी खड्ड्यावर आडवी ठेवायची, दोन्ही टोके धड रस्त्यावर टेकलेली. काठीच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत टेप सोडायची. एकाच ठिकाणी मोजून भागत नाही, कारण खड्डा मध्ये खोल आणि कडेला उथळ असतो. तीन जागी मोजून सरासरी काढावी आणि सर्वांत खोल आकडा वेगळा लिहावा. पाणी साचले असेल तर हात किंवा पाय मुळीच घालू नये, तळाशी काच, सळई किंवा उघडे चेंबर असू शकते. दुसरी काठी उभी बुडवून आडव्या काठीपाशी खूण करावी आणि बाहेर काढून मोजावी.

काकूंच्या खड्ड्याची लांबी १.४ मीटर आली, रुंदी ०.९ मीटर. खोली तीन जागी ६, १५ आणि ९ सेंटिमीटर, म्हणजे सरासरी १०. आता गुणाकार करा : १.४ × ०.९ × ०.१० म्हणजे सुमारे ०.१२६ घनमीटर. दाबून बसलेल्या डांबरी मालाचे वजन घनमीटरला सुमारे २.३ टन धरले तर इथे जवळजवळ २९० किलो माल लागतो. पावसाळ्यात वापरतात ते कोल्ड मिक्स २५ किलोच्या पिशव्यांत येते. म्हणजे या एका खड्ड्याला बारा पिशव्या. ‘छोटा खड्डा आहे’ असे ऐकून निघालेली गाडी दोन-तीन पिशव्या घेऊन येते, माल तळाला पसरते आणि वरून मुरूम टाकून जाते. दोन पावसांत तो धुऊन जातो. पत्रात नुसते ‘मोठा खड्डा’ लिहिले तर यापेक्षा वेगळे काही घडण्याची शक्यता कमी. १.४ मीटर, ०.९ मीटर, १५ सेंटिमीटर हे आकडे वाचून अभियंता स्वतःच पिशव्या मोजू शकतो.

खड्डा किती गंभीर, हे ठरवायलाही माप लागते. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था देशातल्या रस्त्यांसाठी मानके ठरवते. तिच्या देखभालीविषयीच्या मानकात, आयआरसी ८२ मध्ये, खड्ड्यांची लहान, मध्यम, मोठा अशी वर्गवारी खोली आणि रुंदीवरूनच केली आहे. पाच सेंटिमीटरपेक्षा खोल आणि अर्ध्या मीटरहून रुंद खड्डा मोठ्यात जातो. काकूंचा खड्डा दोन्ही बाबतींत त्याच्या पुष्कळ पुढे होता.

काही वेळा पुन्हा जागेवर जाणे शक्यच नसते. माणूस गावी परतलेला असतो, किंवा पडल्यामुळे पाय प्लास्टरमध्ये असतो. तेव्हा आठवणीतून माप काढावे लागते आणि त्यासाठी स्वतःचे वाहन उपयोगी पडते. नेहमीच्या स्कूटरचे दहा इंची चाक टायरसकट साधारण ४३ सेंटिमीटर व्यासाचे असते. ते मधल्या अक्षापर्यंत खड्ड्यात गेले असेल तर खोली वीस-बावीस सेंटिमीटर, चाकाचा चौथा हिस्सा गेला असेल तर दहा-अकरा. स्कूटरची दोन्ही चाके एकाच वेळी खड्ड्यात मावली असतील तर लांबी सव्वा मीटरच्या वर आहे. हे आकडे लिहिताना ‘आठवणीवरून, अंदाजे’ हे शब्द गाळू नयेत. आणि फुगवूनही सांगू नये. पत्रात ‘तीन फूट खोल’ असे वाचून आलेल्या अभियंत्याला समोर चार इंच दिसले की पत्रातल्या उरलेल्या ओळींवरही त्याचा विश्वास राहत नाही.

मापाइतकेच मोलाचे आणखी एक निरीक्षण आहे, ते म्हणजे खड्डा कशाने पडला असावा. डांबराची वरची खडी सुटून पडलेला खड्डा उथळ, खडबडीत आणि कडेला चुरा असलेला असतो. हे काम पथ विभागाचे. लांबट, सरळ रेषेत दबलेली पट्टी दिसली तर तिथे केबल, गॅस किंवा पाण्याच्या नळासाठी चर खोदला होता आणि तो भरताना नीट दाबला नव्हता, असे समजावे. तिसरा प्रकार घातक. खालची ड्रेनेज किंवा पाण्याची वाहिनी गळत असते, गळती भोवतालची माती वाहून नेते आणि वरच्या डांबराखाली पोकळी तयार होते. याच्या खुणा ओळखता येतात : पाऊस नसतानाही खड्ड्यात पाणी, पाण्याला सांडपाण्याचा वास किंवा उलट ते अगदी स्वच्छ, कडेचे डांबर आत झुकलेले, फुटपाथवरून काठीने ठोकले तर पोकळ आवाज. अशा खड्ड्यावर माल टाकणे म्हणजे मालही गेला आणि धोकाही झाकला गेला. पुण्यात २० सप्टेंबर २०२४ रोजी बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात जमीन खचून महापालिकेचा ट्रक अख्खाच्या अख्खा खड्ड्यात गेला होता. चालक सुदैवाने वाचला. पोकळीचा संशय असेल तर पत्राची वाट न पाहता आधी फोन करून बॅरिकेड मागावे, मुंबईत त्यासाठी १९१६ हा क्रमांक आहे. पत्र त्यानंतर द्यावे आणि त्याची प्रत मलनिस्सारण विभागालाही द्यावी.

पत्र कुणाला लिहायचे यावरही बराच वेळ जातो. साधारणपणे आतले छोटे रस्ते विभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि मोठे रस्ते महापालिकेच्या मुख्य पथ विभागाकडे असतात. पुण्यात ही सीमा बारा मीटर रुंदीची आहे. शहरातून जाणारा एखादा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचाही निघतो. हे नागरिकाला माहीत असलेच पाहिजे, असे मला वाटत नाही. पत्र सहायक आयुक्तांच्या नावे द्यावे आणि शेवटी एक वाक्य लिहावे : ‘हा रस्ता आपल्या अखत्यारीत नसल्यास पत्र संबंधित विभागाकडे पाठवून मला तसे कळवावे.’ म्हणजे ‘आमच्या हद्दीत नाही’ एवढ्यावर कागद थांबत नाही.

काकूंचे पत्र असे तयार झाले. ओळख पटू नये म्हणून रस्त्याचे आणि कार्यालयाचे नाव गाळले आहे आणि खांबाचा क्रमांक बदलला आहे.

प्रति,
मा. सहायक आयुक्त,
… क्षेत्रीय कार्यालय

विषय : … रस्त्यावर विद्युत खांब क्र. ४२ जवळील १.४ मी. × ०.९ मी. मापाचा धोकादायक खड्डा.

महोदय,

… चौकाकडून शाळेकडे जाताना, डाव्या बाजूचा विद्युत खांब क्र. ४२ ओलांडल्यावर ६.५ मीटर अंतरावर आणि डाव्या कर्बपासून २ मीटर आत खड्डा आहे. लांबी १.४ मीटर, रुंदी ०.९ मीटर, खोली सरासरी १० सेंटिमीटर, मध्यभागी १५ सेंटिमीटर. ही मापे आज सकाळी साडेसहा वाजता जागेवर टेपने घेतली आहेत.

खड्डा वळणानंतर लगेच असल्याने चालकाला तो ऐनवेळी दिसतो. पाण्याने भरल्यावर दिसतच नाही. शाळा सुटण्याच्या वेळी येथे दुचाकी व रिक्षांची गर्दी असते. गेल्या आठवड्यात माझ्या सुनेची स्कूटर यात आदळली. खड्ड्यापासून शाळेच्या बाजूला सुमारे एक मीटरवर ड्रेनेजचे चेंबर आहे. चार दिवस पाऊस नसतानाही खड्ड्याच्या तळाशी ओल दिसते, तरी वाहिनी गळत आहे का हे भरण्यापूर्वी तपासावे.

खड्ड्याचा फोटो मी काढला होता, परंतु फोन नादुरुस्त झाल्याने तो उपलब्ध नाही. पाहणीच्या वेळी जागा दाखवण्यास मी येऊ शकते.

कृपया तातडीने बॅरिकेड लावून खड्डा भरावा व कार्यवाही कळवावी. रस्ता आपल्या अखत्यारीत नसल्यास पत्र संबंधित विभागाकडे पाठवून मला तसे कळवावे.

आपली विश्वासू,
(नाव, पत्ता, दूरध्वनी, दिनांक, सही)

फोटोबद्दलचे वाक्य मुद्दाम सरळ ठेवले आहे. फोटो हरवल्याची माफी मागायची गरज नाही, तसेच दुसऱ्या कुठल्या खड्ड्याचा मिळताजुळता फोटो जोडण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. पाहणीत तो खोटा ठरला की खरी मापेही खोटी ठरतात. ‘प्रशासन झोपले आहे का’ छापाची वाक्येही काकूंनी पहिल्या कच्च्या मसुद्यातून काढली. राग रास्त होता, पण त्या ओळींनी खड्डा कुठे आहे हे कळत नव्हते.

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात. एक आवक कक्षात द्यायची, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्यायची. ही पोच आता पूर्वीपेक्षा जास्त कामाची झाली आहे. २०१३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबईतल्या खड्ड्यांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि त्या पत्रावरून न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. त्याच प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितले की, खड्डा किंवा उघडे मॅनहोल यंत्रणेच्या निदर्शनास आल्यावर ४८ तासांत त्याची दखल घेतली गेली पाहिजे. त्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना दुखापतीनुसार पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाईही ठरवून दिली. ‘निदर्शनास आल्यावर’ हे घड्याळ कधी सुरू झाले, याचा पुरावा म्हणजे पत्रावरचा तो आवक शिक्का. फोटोवर शिक्का बसत नाही.

उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. अर्जातही विषय एकच ठेवावा आणि नेमके कागद मागावेत : या आवक क्रमांकाच्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी, काम झाले असल्यास त्याची मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि रस्त्याच्या दोषदायित्व कालावधीची मुदत. या शेवटच्या मुद्द्याचा अर्थ असा की, रस्ता बांधल्यानंतर ठरावीक वर्षे तो ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. ती मुदत संपलेली नसेल तर महापालिकेने पुन्हा पैसे मोजण्याचे कारण नाही. मोजमाप पुस्तिकेत लांबी-रुंदी-खोली लिहिलेली असते. आपल्या पत्रातली मापे तिच्याशेजारी ठेवली की कुठला खड्डा भरला आणि किती भरला, हे तिथेच कळते.

काकूंच्या खड्ड्याकडे काही दिवसांत गाडी आली. मुकादमाने खांब क्र. ४२ पासून टेप लावली आणि जागा बरोबर काढली. माल भरून वर रोलर फिरवला. पण ड्रेनेजकडे त्या वेळी कुणी पाहिले नाही. पुढचा जोरदार पाऊस झाल्यावर पॅचच्या शाळेकडच्या, म्हणजे चेंबरच्या बाजूला कोपरा दबलेला दिसला. काकूंनी पुन्हा काठी आडवी ठेवली. खोली चार सेंटिमीटर. दुसरे पत्र पाच ओळींचे होते : पहिल्या पत्राचा आवक क्रमांक, तीच जागा, भरल्यानंतरची नवी खोली, दबलेला कोपरा चेंबरच्या बाजूला असल्याची नोंद आणि प्रत मलनिस्सारण विभागाला. या वेळी आधी चेंबर उघडले गेले. शेजारच्या इमारतीची जोडवाहिनी चेंबरला मिळते तिथला सांधा फुटला होता आणि माती आत वाहत होती. सांधा बदलून, चर थरांत दाबून मग वर डांबर टाकले.